इअरबड्सना खातं कशाला हवं?

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत इअरबड्स दोन वाटांनी येतात. एक म्हणजे ऑनलाइन सेलमधून, आणि दुसरी म्हणजे न्यू जर्सीहून किंवा टोरांटोहून सुट्टीला आलेल्या कुणा काका-मावशीच्या बॅगेतून. वाट कोणतीही असो, खोक्यात एक छोटा कागद असतो, त्यावर क्यूआर कोड असतो आणि 'अ‍ॅप डाउनलोड करा' असं लिहिलेलं असतं. इथून पुढे दोनपैकी एक अडचण येते. अ‍ॅप उघडताच ते ईमेल, जन्मतारीख आणि ओटीपी मागतं, किंवा अ‍ॅप आपल्या देशात मिळतच नाही, असं प्ले स्टोअर सांगतं.

सोसायटीतली आणि नात्यातली मुलं हे प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, कारण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. प्रत्येकाची कंपनी वेगळी असते, पण उत्तराची सुरुवात एकच असते. आपल्याला हवी असलेली सोय नेमकी राहते कुठे, हे आधी ओळखायचं.

सोय राहते कुठे?

इअरबड्सची कुठलीही सोय चारपैकी एका ठिकाणी असते. पहिलं ठिकाण म्हणजे बड स्वतः. त्याच्या आत एक छोटी चिप आणि थोडी कायमची मेमरी असते. बाहेरचा आवाज दाबणारं नॉइज कॅन्सलेशन, बाहेरचं ऐकू देणारा ट्रान्सपरन्सी मोड, स्पर्शाने गाणं थांबवणं, एक बड काढला की गाणं आपोआप थांबणं, हे सगळं या चिपवर चालतं. दुसरं ठिकाण म्हणजे फोनची ऑपरेटिंग सिस्टिम. डावा-उजवा आवाज कमी-जास्त करणं, दोन्ही कानांत एकच आवाज देणं, कोडेक निवडणं हे तिथे होतं. तिसरं ठिकाण कंपनीचं अ‍ॅप. बऱ्याच वेळा ते नुसता रिमोट कंट्रोल असतं: बटण फोनच्या पडद्यावर दिसतं, काम बडमध्ये होतं. चौथं ठिकाण कंपनीचा सर्व्हर, आणि खातं फक्त याच्यासाठी लागतं. सेटिंगचा बॅकअप, हरवलेला बड नकाशावर शोधणं, वॉरंटीची नोंद या तिथल्या गोष्टी.

आपली सोय कुठल्या ठिकाणची आहे, हे घरच्या घरी तपासता येतं. एखाद्याच्या फोनवर अ‍ॅपमधून सेटिंग बदला, उदाहरणार्थ डाव्या बडवर दोनदा टॅप केल्यावर पुढचं गाणं लागावं असं. मग बड्स केसमध्ये ठेवा आणि लॅपटॉपला किंवा घरातल्या टीव्हीला जोडा. तिथे अ‍ॅप नाही, खातं नाही, तरी दोनदा टॅप केल्यावर पुढचं गाणं लागलं तर सेटिंग बडमध्येच साठवलं गेलं आहे. स्पर्शाची सेटिंग्ज आणि नॉइज कॅन्सलेशनचे मोड जवळजवळ नेहमीच या परीक्षेत पास होतात. इक्वलायझर बहुतेक वेळा पास होतो, पण काही स्वस्त मॉडेल्समध्ये तो अ‍ॅप चालू असेपर्यंतच टिकतो. हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं होतं: बडमधलं सेटिंग एकदा, कुणाच्याही फोनवरून करून घेतलं की पुरतं.

खातं न उघडता

सर्वांत आधी अ‍ॅप घेऊच नका. बड्स साध्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडा आणि आठवडाभर वापरून पाहा. केसवरचं बटण किंवा दोन्ही बड्सचे टच काही सेकंद दाबून धरले की जोडणीचा दिवा लुकलुकू लागतो. बहुतेक मॉडेल्समध्ये बड दाबून धरला की नॉइज कॅन्सलेशन आणि ट्रान्सपरन्सी आलटून-पालटून लागतात. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत बड्सच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबलं की कॉल आणि गाणी वेगवेगळी चालू-बंद करता येतात, आणि मॉडेल तसं असेल तर एलडॅकसारखा चांगला कोडेकही निवडता येतो. माझ्या अनुभवात निम्म्या लोकांना याच्यापुढे काही लागत नाही.

अ‍ॅप घ्यावंच लागलं, तर पहिल्या पडद्यावर घाई करू नका. लॉगिनच्या मोठ्या रंगीत बटणाच्या खाली किंवा वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात `Skip` किंवा `Not now` असतं. सापडलं नाही तर फोनचं बॅक बटण दाबून पाहा, काही अ‍ॅप्स तेवढ्याने थेट आत घेतात.

परवानग्यांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अँड्रॉइड 11 पर्यंत जवळची ब्लूटूथ उपकरणं शोधायला अ‍ॅपला लोकेशनची परवानगी मागावीच लागत होती, कारण प्रणालीची रचनाच तशी होती. 2021 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 12 पासून त्यासाठी `Nearby devices` ही स्वतंत्र परवानगी आहे. तेव्हा फोन नवा असेल आणि अ‍ॅप तरीही लोकेशन मागत असेल, तर ते बड जोडण्यासाठी असण्याची शक्यता कमी. हरवलेला बड शोधण्यासाठी किंवा कंपनीच्या दुसऱ्या कुठल्या कामासाठी असू शकतं. परवानगी नाकारून पाहा. बड चालत राहिला तर ती लागत नव्हतीच.

अ‍ॅप आपल्या देशात नसेल तर

प्ले स्टोअरवर कुठलं अ‍ॅप कुठल्या देशात दाखवायचं हे अ‍ॅप बनवणारा ठरवतो, आणि आपला देश कोणता हे आपल्या खात्याच्या पेमेंट प्रोफाइलवरून ठरतं. म्हणून नुसता व्हीपीएन लावून सहसा काही होत नाही. प्ले स्टोअरचा देश बदलता येतो, पण वर्षातून एकदाच, आणि त्यासाठी त्या देशात असावं लागतं, तिथली पेमेंटची पद्धतही लागते. खात्यात शिल्लक असलेले पैसे नव्या देशात वापरता येत नाहीत. इअरबड्सपायी एवढं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 'मोफत एपीके' देणाऱ्या कुठल्याही साइटवरून फाइल घेऊ नये हेही तितकंच खरं. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर एपीके असेल तर ती घ्यायला हरकत नाही. मात्र ती बसवण्यासाठी ब्राउझरला दिलेली 'अनोळखी अ‍ॅप्स'ची परवानगी काम झाल्यावर लगेच काढून टाका.

काही वेळा अ‍ॅपला सरळ पर्याय असतो. गूगलच्या पिक्सेल बड्स प्रोसाठी `mypixelbuds.google.com` हे पान लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये उघडून सेटिंग्ज बदलता येतात, फोनची गरज पडत नाही. इतर अनेक कंपन्यांसाठी उपयोगी पडतं ते गॅजेटब्रिज, पडद्यावरचं नाव `Gadgetbridge`. हे स्वयंसेवकांनी लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर मुळात पेबल या घड्याळासाठी सुरू झालं. आज त्यात सोनी, सॅमसंग गॅलेक्सी बड्स, नथिंग, साउंडकोअर अशा कंपन्यांची बरीच मॉडेल्स चालतात. त्याला खातं लागत नाही, आणि मुख्य अ‍ॅपला इंटरनेटची परवानगीच नसते, त्यामुळे माहिती बाहेर पाठवायची सोयच त्याच्याकडे नाही.

माझ्या चुलतभावाने मागच्या हिवाळ्यात टोरांटोहून बहिणीसाठी बड्स आणले. त्यांचं अ‍ॅप इथे दिसेना. कंपनीचं नाव सोडून देऊ, कारण कृती सगळीकडे सारखीच आहे. बड्स जोडल्यावर गाणी आणि कॉल नीट चालत होते. तक्रार दोनच गोष्टींची होती: ओढणी किंवा केस लागले की टच चालू होऊन कॉल कटायचा, आणि आवाजात बेस फार होता. पहिली गोष्ट नक्की बडमधली, दुसरी बहुधा बडमधली.

गॅजेटब्रिजच्या संकेतस्थळावरच्या यादीत ते मॉडेल आहे, हे आधी पाहून घेतलं. मग `f-droid.org` वरून एफ-ड्रॉइड हे मुक्त सॉफ्टवेअरचं दुकान फोनवर बसवलं आणि त्यातून गॅजेटब्रिज घेतलं. उघडल्यावर `Nearby devices` ची परवानगी दिली आणि अधिकचं चिन्ह दाबून शोध सुरू केला. बड्स केसमधून बाहेर आणि जोडणीच्या स्थितीत हवेत, हे इथे महत्त्वाचं. यादीत नाव आलं, त्यावर टॅप केलं, जोडणी झाली. कार्डावर दोन्ही बड्सची आणि केसची बॅटरी वेगवेगळी दिसू लागली. तेवढं दिसलं की समजायचं, अ‍ॅपला बडची भाषा कळते आहे. फक्त नाव दिसून बॅटरी आली नाही, तर बहुतेक वेळा दुसरा एखादा फोन किंवा कंपनीचं जुनं अ‍ॅप तोच मार्ग अडवून बसलेलं असतं. ते बंद करून पुन्हा जोडायचं.

मग गिअरच्या चिन्हातून टच नियंत्रण बंद केलं आणि इक्वलायझरमध्ये सगळ्यांत खालची पट्टी थोडी उतरवली. बड्स केसमध्ये ठेवून तिच्या कॉलेजच्या लॅपटॉपला जोडून पाहिले. टच बंदच होता, बेसही कमी होता. काम संपलं. वीस मिनिटं लागली आणि कुठेही ईमेल द्यावा लागला नाही.

गॅजेटब्रिज जे करत नाही ते म्हणजे बहुतेक बड्सचं फर्मवेअर अपडेट, आणि ते पूर्णपणे सोडून देण्यासारखं नसतं. जून 2025 मध्ये जर्मनीतल्या ईआरएनडब्ल्यू या संस्थेच्या संशोधकांनी एअरोहा कंपनीच्या ब्लूटूथ चिप्समधल्या त्रुटी जाहीर केल्या. या चिप्स अनेक नामांकित कंपन्यांच्या हेडफोन्समध्ये आहेत. जवळपास असलेला जाणकार हल्लेखोर जोडणी न करताही हेडफोनशी बोलू शकतो, असं त्यांनी दाखवलं. दुरुस्ती होते ती फर्मवेअरमधून, आणि फर्मवेअर येतं ते कंपनीच्या अ‍ॅपमधून. म्हणून परदेशातून बड्स येणार असतील, तर आणणाऱ्याला एक विनंती आधीच करून ठेवा: तिकडेच त्यांच्या फोनवर अ‍ॅपमधून एकदा अपडेट करा, टच आणि आवाजाची सेटिंग्ज आपल्याला हवी तशी लावा, आणि मग आपल्या फोनच्या ब्लूटूथ यादीतून बड्स काढून टाका. फॅक्टरी रीसेट मात्र करू नका, कारण त्याने केलेली सेटिंग्ज पुसली जातात. एअरपॉड्स असतील तर ते देणाऱ्याच्या अ‍ॅपल खात्यातूनही काढायला सांगा, नाहीतर ते त्याच्याच नावाला बांधलेले राहतात.

आजीसाठी केलेली पळवाट

इथपर्यंतची गोष्ट सोयीची होती. पण प्रदेशाचं कुलूप कधी कधी गरजेच्या गोष्टीलाही लागतं, आणि त्याचं आपल्याच देशातलं उदाहरण बंगळुरूचं आहे.

12 सप्टेंबर 2024 रोजी अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने एअरपॉड्स प्रो 2 ला श्रवणयंत्राचं काम करू देणाऱ्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. कमी ते मध्यम प्रमाणात ऐकू न येणाऱ्या प्रौढांसाठी ती होती. ऑक्टोबरच्या अखेरीस आयओएस 18.1 बरोबर ही सोय फोनवर आली, पण सगळ्या देशांत नाही. श्रवणयंत्र हे वैद्यकीय उपकरण मानलं जातं आणि त्याची मान्यता देशोदेशी वेगळी घ्यावी लागते. भारत तेव्हा त्या यादीत नव्हता.

बंगळुरूच्या लॅग्रेंज पॉइंट नावाच्या गटातल्या तीन तरुणांना ती सोय आपल्या आजींसाठी हवी होती. बड्स तेच, फोन तोच, सॉफ्टवेअरही तेच; अडवत होता तो फक्त 'तुम्ही कुठे आहात' हा प्रश्न. नुसता फोनचा देश बदलून काम होत नव्हतं. घराच्या आत फोन आपली जागा मुख्यतः आजूबाजूच्या वाय-फाय राउटरांच्या ओळखक्रमांकांवरून ताडतो. म्हणून त्यांनी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा फॅराडे पिंजरा केला, म्हणजे रेडिओ लहरी आत येऊ न देणारं आवरण. आसपासचं वाय-फाय बुजवायला घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचीही मदत घेतली. आत एका स्वस्त ईएसपी32 चिपवरून कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क भागातल्या वाय-फाय राउटरांची नावं आणि क्रमांक प्रसारित केले. फोनला वाटलं आपण अमेरिकेत आहोत, आणि सोय उघडली. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनी ही सगळी कृती जाहीर केली आणि जगभर तिची चर्चा झाली.

मला ही गोष्ट आवडते, पण घरी करून पाहा असं मी कुणाला सांगणार नाही. तिच्यातून कळण्यासारखं एवढंच, की क्षमता बडमध्ये होती आणि कुलूप दुसरीकडे होतं. आणि त्याच बडमध्ये त्या क्षमतेचा बराचसा भाग आधीपासूनच कुलपाशिवाय आहे.

कुलूप नसलेला दरवाजा

आयफोनमध्ये 2020 च्या आयओएस 14 पासून `Headphone Accommodations` नावाची सोय आहे. ती वैद्यकीय उपकरण म्हणून नाही, तर सुगम्यतेची सोय म्हणून दिलेली आहे, त्यामुळे ती भारतातही चालते आणि तिला खातं लागत नाही.

माझ्या आत्याचं उदाहरण सांगतो. ती दांडिया बाजारात राहते, वय अडुसष्ट. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, आणि चारचौघांत बोलणं सुरू झालं की ती गप्प बसायची. डॉक्टरांकडे ऑडिओग्राम काढला, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांचा सर्वांत हळू आवाज किती डेसिबलला ऐकू येतो त्याचा आलेख. 500 हर्ट्झला तिचा आकडा 25 होता, म्हणजे ठीक. 4000 हर्ट्झला 50. याचा अर्थ आवाज ऐकू येत होता, पण स, श, फ यांसारखी उंच स्वराची व्यंजनं निसटत होती. 'शाळा' आणि 'काळा' तिला एकसारखे ऐकू यायचे. अशा माणसाशी मोठ्याने बोलून उपयोग नसतो, कारण जे आधीच ऐकू येतं तेच आणखी मोठं होतं. तिला हवे होते फक्त उंच स्वर वाढवून.

घरात एअरपॉड्स प्रो होते. `Settings` मध्ये `Accessibility`, मग `Audio & Visual`, मग `Headphone Accommodations` चालू केलं. `Custom Audio Setup` मध्ये ऑडिओग्रामच्या कागदाचा फोटो घेता येतो. फोनने वाचलेले आकडे कागदाशी एकेक करून ताडून पाहिले, कारण पुसट झेरॉक्सवर चूक होऊ शकते. मग त्याच पानावर खाली ही सोय `Phone` आणि `Media` दोन्हींना लावली. शेवटी `Transparency Mode` मध्ये जाऊन `Custom Transparency Mode` चालू केला. समोरच्याचा आवाज वाढवणारा `Amplification` मध्यावर ठेवला, आणि `Conversation Boost` चालू केला, म्हणजे समोर बसलेल्या माणसाच्या आवाजाला झुकतं माप मिळतं. पहिल्या दिवशी तिला भांड्यांचा आवाज टोचला. `Tone` थोडा गडद बाजूला नेल्यावर ते थांबलं.

अँड्रॉइडवर यासारखं गूगलचं `Sound Amplifier` आहे. पण तिथे आवाज फोनच्या माइकमधून ब्लूटूथने बडपर्यंत येतो आणि त्यात सेकंदाचा दशांश किंवा त्याहून जास्त वेळ जातो. समोरच्याचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत, आणि ज्याला थोडं ऐकू येतं त्याला एकच शब्द दोनदा ऐकू येतो. टीव्हीसमोर फोन ठेवून ऐकायला ते ठीक; गप्पांसाठी तारेचे साधे इअरफोन लावले तर उशीर जवळजवळ जातो. एअरपॉड्समध्ये हा उशीर जाणवत नाही, कारण माइक, चिप आणि स्पीकर तिन्ही बडमध्येच असतात.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बॅटरी काही तास टिकते, दिवसभर नाही. आकडे सगळीकडे 60 च्या पुढे असतील तर हे पुरणार नाही, खरं श्रवणयंत्रच लागेल. एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, कान वाहत असेल, किंवा एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर बड्स बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला हवं. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराला उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत मिळणं कठीण होतं. बडोद्यात सयाजी रुग्णालयातही कान-नाक-घसा विभाग आहे. ऑडिओग्रामचा कागद मात्र जपून ठेवा. पुढे कुठलाही फोन, कुठलेही बड्स किंवा खरं श्रवणयंत्र घेतलं, तरी त्या आकड्यांवरूनच ते बसवायचं असतं, आणि तो कागद कुठल्याच कंपनीच्या खात्यात अडकलेला नसतो.